विहीर दिवसाला खरोखर किती पाणी देते? समलंब चौकोनाच्या रीतीने हिशेब



उन्हाळी भुईमुगाची पेरणी करताना किती क्षेत्र घ्यावे, हा प्रश्न विहीर बागायतदारांपुढे दरवर्षी उभा राहतो. बहुतेक जण पंप सुरू करून पाइपाच्या तोंडाशी पडणारी धार पाहतात आणि अंदाज बांधतात. काही चोखंदळ शेतकरी ड्रम लावून धार मोजतातही. परंतु ही मोजणी एकदाच आणि तीही पंप नुकताच सुरू केला असताना केली जाते. फसगत होते ती येथेच.

आमच्या भागातील एका शेतकऱ्याचे असेच झाले. पंप सुरू केल्याबरोबर २०० लिटरचा ड्रम २५ सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला ८ लिटर पाणी. पंप रोज पाच तास चालतो. तेव्हा दिवसाचे पाणी १ लाख ४४ हजार लिटर, असा हिशेब करून त्यांनी पावणेचार एकर भुईमूग पेरला. मार्चपर्यंत पीक जोमदार होते. एप्रिलमध्ये शेंगा भरण्याच्या वेळी पाळी लांबू लागली आणि निम्म्याहून अधिक क्षेत्रातील शेंगा पोचट राहिल्या. त्यांचा गुणाकार बरोबर होता, पण पहिल्या मिनिटाची धार पाचव्या तासापर्यंत टिकत नाही, हे त्यात धरलेले नव्हते.

बदलत्या धारेचा हिशेब करण्याची एक सोपी रीत आहे. तिला समलंब चौकोनाचा नियम म्हणतात. यासाठी शाळेत शिकलेल्या समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळापलीकडे काहीही लागत नाही. पुढील वर्षी याच विहिरीवर आम्ही जी मोजणी केली, तिच्या आधारे ही रीत येथे समजावून घेऊ.

धार का कमी होते?

पंप सुरू होताना विहिरीतील पाणी वर असते. जसजसा उपसा होतो तसतशी पातळी खाली जाते आणि पंपाला तेच पाणी अधिक उंचीवरून ओढावे लागते. सेंट्रिफ्युगल पंपाचा गुणधर्म असा की, उंची वाढली की विसर्ग कमी होतो. शेवटी पाणी फूट व्हॉल्व्हच्या जवळ आले की पंप हवा ओढू लागतो आणि तो बंद करावा लागतो. झऱ्यांतून विहिरीत पाणी येत असते, पण उपशाचा वेग त्याहून जास्त असल्याने पातळी खाली जातच राहते. म्हणून सकाळी सात वाजताची धार आणि बारा वाजताची धार यांत फरक पडणारच.

मोजणी कशी करावी?

पत्र्याचा ड्रम, घड्याळ किंवा मोबाईलमधील स्टॉपवॉच आणि एक वही एवढे साहित्य पुरे. ड्रममध्ये नक्की किती लिटर पाणी मावते ते आधी मापाच्या बादलीने भरून पाहावे आणि २०० लिटरच्या पातळीवर आतून रंगाची खूण करावी. २०० लिटरचा म्हणून मिळणारा ड्रम काठोकाठ भरला तर त्यात थोडे अधिक पाणी मावते, त्यामुळे काठापर्यंत मोजू नये.

ड्रम पाइपाच्या तोंडाखाली राहील असा खड्डा करून त्यात ठेवावा. ड्रममध्ये धार पडावी म्हणून पाइप वर उचलू नये किंवा त्याला जादा वाकण देऊ नये. तसे केल्यास पंपावरील उंची वाढते आणि एरवी शेतात पडते त्यापेक्षा कमी धार मोजली जाते. प्रत्येक वेळी ड्रम तीनदा भरून सेकंदांची सरासरी घ्यावी. २०० ला त्या सेकंदांनी भागले की लिटर प्रति सेकंद हा विसर्ग मिळतो.

वरील विहिरीवर १ फेब्रुवारी रोजी दर तासाला केलेली नोंद अशी होती:

| पंप सुरू केल्यापासून तास | ड्रम भरण्यास लागलेले सेकंद | विसर्ग, लिटर प्रति सेकंद |
|---|---|---|
| ० | २५ | ८.० |
| १ | २६ | ७.७ |
| २ | २९ | ६.९ |
| ३ | ३३ | ६.१ |
| ४ | ४० | ५.० |
| ५ | ५७ | ३.५ |

पाच तासांनंतर पंप हवा ओढू लागल्याने बंद केला.

आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजेच पाणी

आता चौकटीचा कागद घ्यावा. आडव्या रेषेवर तास आणि उभ्या रेषेवर विसर्ग मांडून वरील सहा बिंदू काढावेत. धार पाचही तास ८ लिटरच राहिली असती, तर हे बिंदू एका आडव्या रेषेत आले असते. तिच्याखाली ८ उंचीचा आणि ५ तास रुंदीचा एक आयत तयार झाला असता. त्या आयताचे क्षेत्रफळ, म्हणजे विसर्ग गुणिले वेळ, हेच एकूण पाणी. शेतकऱ्याने हाच आयत मोजला होता.

प्रत्यक्षात रेषा उजवीकडे खाली झुकते. तरीही नियम तोच राहतो. झुकलेल्या रेषेखाली जेवढे क्षेत्रफळ, तेवढे पाणी. अडचण एवढीच की, वाकड्या रेषेखालील क्षेत्रफळ आयताच्या सूत्राने निघत नाही. शिवाय आपल्याजवळ संपूर्ण रेषा नसून फक्त सहा बिंदू आहेत.

यावर उपाय असा की, शेजारशेजारचे बिंदू सरळ रेषेने जोडावेत आणि प्रत्येक बिंदूपासून खाली उभी रेषा टाकावी. आलेखाचे पाच उभे पट्टे पडतात. प्रत्येक पट्ट्याच्या दोन उभ्या बाजू समांतर आहेत आणि वरची बाजू तिरकी आहे. हाच समलंब चौकोन होय. त्याचे क्षेत्रफळ म्हणजे दोन समांतर बाजूंची सरासरी गुणिले त्यांच्यामधील अंतर. आपल्या भाषेत सांगायचे तर, तासाच्या सुरुवातीची धार आणि तासाच्या शेवटची धार यांची सरासरी काढून तिला वेळेने गुणावे. एका तासात ३,६०० सेकंद असतात, हे लक्षात ठेवावे.

| तास | सरासरी विसर्ग | त्या तासातील पाणी, लिटर |
|---|---|---|
| ० ते १ | (८.० + ७.७) ÷ २ = ७.८५ | २८,२६० |
| १ ते २ | (७.७ + ६.९) ÷ २ = ७.३० | २६,२८० |
| २ ते ३ | (६.९ + ६.१) ÷ २ = ६.५० | २३,४०० |
| ३ ते ४ | (६.१ + ५.०) ÷ २ = ५.५५ | १९,९८० |
| ४ ते ५ | (५.० + ३.५) ÷ २ = ४.२५ | १५,३०० |
| एकूण | | १,१३,२२० |

पहिल्या धारेवरून काढलेला आकडा १,४४,००० लिटर होता. म्हणजे दिवसाला सुमारे ३१ हजार लिटर पाणी केवळ कागदावर होते.

सर्व नोंदी सारख्या अंतराने घेतल्या असतील तर हाच हिशेब थोडक्यात करता येतो. मधली प्रत्येक नोंद दोन पट्ट्यांत येते, एकदा डावीकडच्या आणि एकदा उजवीकडच्या. पहिली आणि शेवटची नोंद मात्र एकाच पट्ट्यात येते. म्हणून पहिल्या व शेवटच्या नोंदीची निम्मी बेरीज घ्यावी, तीत मधल्या सर्व नोंदी पूर्ण मिळवाव्यात आणि आलेल्या बेरजेला अंतराने गुणावे. येथे (८.० + ३.५) ÷ २ = ५.७५, मधल्या नोंदींची बेरीज २५.७, एकूण ३१.४५. याला ३,६०० ने गुणले की पुन्हा १,१३,२२० लिटर येतात. दोन्ही रीतींनी उत्तर एकच आले नाही, तर कोठेतरी बेरीज चुकली असे समजावे.

काही जण फक्त पहिली आणि शेवटची धार घेऊन सरासरी काढतात. तसे केल्यास ५.७५ × १८,००० = १,०३,५०० लिटर येतात, म्हणजे जवळजवळ १० हजार लिटर कमी. कारण धार सुरुवातीला हळूहळू आणि शेवटी झपाट्याने घटते. मधले तास पहिल्या तासासारखे अधिक आणि शेवटच्या तासासारखे कमी असतात. मधल्या नोंदी घेतल्याशिवाय हे कळत नाही.

उत्तर कमी आले की जास्त, हे कसे ओळखावे?

बिंदूंमध्ये आपण सरळ रेषा जोडली, पण खरी धार सरळ रेषेत घटत नाही. त्यामुळे थोडी चूक राहते. ती कोणत्या बाजूची आहे हे आलेख पाहूनच सांगता येते. सर्व बिंदूंतून हाताने एक गोलसर रेषा काढावी. ती रेषा घुमटासारखी वर फुगलेली असेल, तर आपल्या सरळ रेषा तिच्याखालून जातात आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. रेषा झोळीसारखी खाली खचलेली असेल, तर सरळ रेषा तिच्यावरून जातात आणि उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येते. आपला वरचा आलेख घुमटासारखा आहे. म्हणून १,१३,२२० हा आकडा किंचित कमी आहे. पाण्याच्या नियोजनात कमी धरलेले परवडते, जास्त धरलेले परवडत नाही.

ही चूक किती, हेही तपासता येते. पहिल्या चार तासांचा हिशेब एक-एक तासाचे चार पट्टे धरून न करता दोन-दोन तासांचे दोन पट्टे धरून करून पाहावा. म्हणजे फक्त ८.०, ६.९ आणि ५.० या नोंदी वापराव्यात. चार पट्ट्यांनी पहिल्या चार तासांचे पाणी ९७,९२० लिटर आले होते. दोन पट्ट्यांनी ते ९६,४८० येते. फरक १,४४० लिटर. रेषा गोलसर असेल, मध्येच तुटलेली नसेल, तर पट्ट्याची रुंदी निम्मी केल्यावर चूक साधारण चौथा हिस्सा उरते. त्यामुळे या फरकाचा सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे ४८० लिटर, एवढीच चूक आपल्या तासातासाच्या हिशेबात शिल्लक आहे असे समजावे.

शेवटच्या तासात धार वेगाने पडते म्हणून तेथे साडेचार तासांवर आणखी एक नोंद घेतली होती. ड्रम ४५ सेकंदांत भरला, म्हणजे विसर्ग ४.४. शेवटच्या तासाचे दोन अर्धे पट्टे केल्यावर पाणी १५,५७० लिटर आले. आधीच्या १५,३०० पेक्षा फक्त २७० लिटर जास्त.

आता याची तुलना घड्याळाच्या चुकीशी करून पाहा. ड्रम २५ सेकंदांत भरतो तेथे एका सेकंदाची चूक झाली, तर विसर्गात शेकडा ४ इतका फरक पडतो. सगळ्याच नोंदींत तशी एकाच बाजूची चूक होत राहिली, तर दिवसाच्या पाण्यात साडेचार हजार लिटरचा फरक पडेल. म्हणजेच दर दहा मिनिटांनी नोंद घेऊन काही साधत नाही. तासाला एकच नोंद घ्यावी, पण ती तीनदा ड्रम भरून नीट घ्यावी. धार वेगाने बदलते तेथेच, म्हणजे शेवटच्या तासात, अर्ध्या तासाने नोंद घ्यावी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. मध्येच वीज गेली आणि पंप तासभर बंद राहिला, तर वीज जाण्यापूर्वीची नोंद व पुन्हा सुरू झाल्यानंतरची नोंद सरळ रेषेने जोडू नये. मधल्या तासात धार शून्य होती. शिवाय त्या वेळात विहिरीत पाणी चढते, त्यामुळे पंप पुन्हा सुरू होताना धार आधीपेक्षा मोठी असते. रेषा जोडली तर न उपसलेले पाणीही हिशेबात येते. अशा वेळी वीज गेल्याची व आल्याची वेळ लिहून दोन्ही भागांचा हिशेब वेगवेगळा करावा आणि मग बेरीज घ्यावी. वीज जाण्यापूर्वी शेवटची नोंद बरीच आधी घेतलेली असेल, तर तीच धार वीज जाईपर्यंत टिकली असे धरू नये. ती ज्या गतीने घटत होती त्याच गतीने पुढे धरावी.

हाच हिशेब संपूर्ण हंगामाचा

एका दिवसाचे पाणी कळले म्हणजे काम संपले असे नाही. फेब्रुवारीतील विहीर आणि मे महिन्यातील विहीर सारखी नसते. म्हणून त्या हंगामात अधूनमधून पूर्ण दिवसाची मोजणी वरीलप्रमाणेच केली. पाणी कमी होत गेले तसा पंप लवकर हवा ओढू लागला आणि चालण्याचे तासही कमी झाले. दिवसाच्या एकूण पाण्याची नोंद अशी:

| १ फेब्रुवारीपासून दिवस | तारीख | दिवसाचे पाणी, हजार लिटर |
|---|---|---|
| ० | १ फेब्रुवारी | ११३ |
| १० | ११ फेब्रुवारी | ११० |
| २० | २१ फेब्रुवारी | १०६ |
| ४० | १३ मार्च | ९४ |
| ७५ | १७ एप्रिल | ५८ |
| १०० | १२ मे | ४६ |

येथे नोंदींमधील अंतर सारखे नाही. सुरुवातीला उत्साहाने दर दहा दिवसांनी मोजणी झाली, पुढे लग्नसराईत महिनाभर राहूनच गेली. अशा वेळी निम्म्या बेरजेची थोडक्यातली रीत चालत नाही. प्रत्येक पट्टा वेगळा काढून त्याला त्याच्या स्वतःच्या दिवसांनी गुणावे लागते.

पहिला पट्टा (११३ + ११०) ÷ २ × १० = १,११५. दुसरा (११० + १०६) ÷ २ × १० = १,०८०. तिसरा (१०६ + ९४) ÷ २ × २० = २,०००. चौथा (९४ + ५८) ÷ २ × ३५ = २,६६०. पाचवा (५८ + ४६) ÷ २ × २५ = १,३००. एकूण ८,१५५ हजार, म्हणजे सुमारे ८१ लाख ५५ हजार लिटर.

सहाही नोंदींची सरळ सरासरी काढून शंभराने गुणले असते, तर ८७ लाख ८३ हजार लिटर आले असते, म्हणजे सव्वासहा लाख जास्त. याचे कारण उघड आहे. सहापैकी तीन नोंदी पहिल्या वीस दिवसांतल्याच आहेत आणि त्या वेळी विहीर भरलेली होती. सरळ सरासरीत त्या वीस दिवसांना निम्मे वजन मिळते, प्रत्यक्षात ते हंगामाचा पाचवा हिस्सा आहेत. समलंब चौकोनाच्या रीतीत प्रत्येक नोंदीला तिच्या आजूबाजूच्या दिवसांएवढेच वजन मिळते. नोंदी अनियमित असल्या तरी ही रीत चालते, हाच तिचा मोठा उपयोग.

तरीसुद्धा ३५ दिवसांची मोकळी जागा धोक्याचीच आहे. तेथे आपण ९४ पासून ५८ पर्यंत सरळ रेषा गृहीत धरली. समजा विहीर मार्चअखेरच झपाट्याने उतरली असती आणि ५५ व्या दिवशी ७० हजार लिटरच पाणी मिळाले असते, तर त्या पट्ट्याचे पाणी २,६६० ऐवजी २,५१० हजार लिटर झाले असते. म्हणजे दीड लाख लिटर कमी. जी नोंद घेतलीच नाही ती कोणतेही गणित भरून देऊ शकत नाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये, पाणी वेगाने उतरत असताना, पंधरा दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.

यावरून क्षेत्र कसे ठरवावे?

उन्हाळी भुईमुगाला एका पाळीला ६ सेंटिमीटर पाणी आणि दर आठ दिवसांनी पाळी, असे धरू. जमिनीच्या मगदुराप्रमाणे आपण यात बदल करावा. एक एकरावर ६ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे २ लाख ४३ हजार लिटर. मातीच्या पाटात पाचवा हिस्सा पाणी जिरते असे धरले, तर उपशाचे शेकडा ८० पाणी पिकाला मिळते. हा अंदाज तपासायचा असेल तर शेताच्या तोंडाशी पाटाचे पाणी मोजून पाहावे.

पहिल्या दिवसाच्या पहिल्या धारेवरून हिशेब केल्यास आठ दिवसांचे पाणी १,४४,००० × ०.८ × ८ = ९,२१,६०० लिटर, म्हणजे सुमारे ३.८ एकर. शेतकऱ्याने पावणेचार एकर पेरले ते यामुळेच. तोच दिवस समलंब चौकोनाच्या रीतीने मोजल्यास ७,२४,६०० लिटर आणि सुमारे ३ एकर येते. पाऊण एकर तर येथेच कमी झाले.

परंतु खरा निर्णय याच्याही पुढे आहे. हंगामाचे ८१ लाख ५५ हजार लिटर हे एकूण पाणी आहे. ते कधी मिळते, हे एकूण आकड्यात दिसत नाही. फेब्रुवारीतले जादा पाणी आपण विहिरीत राखून मे महिन्यात वापरू शकत नाही. शेततळ्यासारखी साठवणीची सोय असेल तरच ते शक्य होते. म्हणून एकूण आकड्यावरून क्षेत्र ठरवू नये. त्याऐवजी पट्ट्यापट्ट्याने पाहावे. प्रत्येक पट्ट्याच्या पाण्याला त्याच्या दिवसांनी भागले की त्या काळातील रोजचे सरासरी पाणी मिळते.

| काळ | रोजचे सरासरी पाणी, हजार लिटर | भिजणारे क्षेत्र, एकर |
|---|---|---|
| १ फेब्रुवारी ते १३ मार्च | १०५ | २.८ |
| १३ मार्च ते १७ एप्रिल | ७६ | २.० |
| १७ एप्रिल ते १२ मे | ५२ | १.४ |

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्यावे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरलेल्या भुईमुगाच्या शेंगा भरतात तो हा काळ. याच काळात ही विहीर एक एकर १५ गुंठ्यांपेक्षा जास्त भुईमूग भिजवू शकत नाही. आणि हवेतील उष्णता याच काळात वाढलेली असते. पावणेचार एकरांतील निम्म्याहून अधिक शेंगा पोचट का राहिल्या, याचे उत्तर या एका ओळीत आहे.

त्या शेतकऱ्याने पुढील हंगामात सव्वा एकर भुईमूग आणि २० गुंठे चाऱ्याचा मका, असे नियोजन केले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरलेला चाऱ्याचा मका दोन महिन्यांत कापून निघतो. एप्रिलच्या मध्यात विहीर उतरते तेव्हा त्याची पाण्याची गरज संपलेली असते. क्षेत्र कमी झाले हे खरे, पण बियाणे, खत आणि निंदणीचा खर्च जेथे पाणीच पोहोचणार नाही तेथे झाला नाही.

मोजणी कोणत्या वर्षाची, हे विसरू नये

एका वर्षाच्या मोजणीवरून पुढील सर्व वर्षांचे क्षेत्र ठरवता येत नाही. पावसाळा कसा झाला त्यावर विहीर अवलंबून असते. म्हणून मोजणीच्या वहीत १ फेब्रुवारी रोजी, पंप सुरू करण्यापूर्वी, काठापासून पाणी किती फुटांवर होते हेही लिहून ठेवावे. पुढील वर्षी त्याच दिवशी पाणी अधिक खोल असेल, तर मागील वर्षाच्या तक्त्याएवढे पाणी मिळेल असे धरू नये. पहिल्या दोन मोजण्या फेब्रुवारीतच करून त्या मागील वर्षाशी ताडून पाहाव्यात. पंप किंवा पाइप बदलला, विहीर खोल केली किंवा शेजारी नवीन विहीर अथवा बोअर झाले, तर जुना तक्ता बाजूला ठेवून मोजणी नव्याने करावी.

येत्या उन्हाळी हंगामात पेरणीपूर्वी एक दिवस सकाळी ड्रम लावून पंप बंद पडेपर्यंत दर तासाची नोंद घ्यावी. शेजारच्या दोन नोंदींची सरासरी, गुणिले मधला वेळ आणि सर्वांची बेरीज, एवढेच करायचे आहे. आलेला आकडा पहिल्या धारेवरून काढलेल्या आकड्यापेक्षा किती कमी आहे हे पाहावे आणि मगच बियाण्याची पिशवी फोडावी.